बाळंतिणीच्या रक्तातला दोनशेचा आकडा

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त वाहत असतं. गरोदर नसताना हाच प्रवाह मिनिटाला जेमतेम 50 मिलिलिटर असतो. एक लिटरची पाण्याची बाटली दीड मिनिटात रिकामी होईल एवढा हा वेग आहे. त्या बाईच्या अंगात सगळं मिळून सहा लिटरच्या आसपास रक्त असतं. आता गणित करून पाहा: वार सुटली, रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहिली आणि काहीच अडलं नाही, तर नऊ-दहा मिनिटांत सगळं संपेल. बाळंतपणात रोज, घराघरांत, दवाखान्यांत ही तोंडं खरोखरच उघडी पडतात. तरी बहुतेक बायकांच्या अंगावरून अर्ध्या लिटरपेक्षा कमी रक्त जातं.

ते अडवण्याचं पहिलं काम स्नायूंचं. वारेखाली शंभराच्या आसपास मळसूत्री धमन्या असतात. गरोदरपणात त्या पार सैल, रुंद नळ्या झालेल्या असतात, कारण बाळाला रक्त मुबलक आणि संथ दाबानं हवं असतं. या नळ्या गर्भपिशवीच्या आडव्यातिडव्या स्नायूंच्या जाळीतून जातात. वार पडल्यावर पिशवी घट्ट आकसते आणि ती जाळी प्रत्येक नळीला आवळते. इथे भौतिकशास्त्र बाळंतिणीच्या बाजूनं उभं राहतं. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. नळी निम्म्यानं अरुंद झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच बाळंतपणानंतर सिस्टर पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहते. पिशवी सैल पडणं हेच जास्त रक्तस्रावाचं सर्वांत मोठं कारण आहे.

पण आवळलेली नळी म्हणजे बंद झालेली नळी नव्हे. उरलेला सोळावा हिस्सा थांबवायचं काम गुठळीचं. आणि त्या गुठळीची तयारी बाईच्या शरीरानं नऊ महिने चालवलेली असते.

या तयारीतला सगळ्यांत मोठा साठा फायब्रिनोजेनचा. हे यकृतात तयार होणारं, रक्तात विरघळलेलं प्रथिन. थ्रॉम्बिन नावाचं विकर त्याच्या रेणूचे दोन बारीक तुकडे छाटतं, त्यानं रेणूची चिकट टोकं उघडी पडतात, आणि रेणू एकमेकांना जुळत जाऊन धागा बनतो. अशा धाग्यांच्या जाळीत रक्तपेशी आणि प्लेटलेट अडकल्या की गुठळी होते. गुठळी किती घट्ट होणार, हे बऱ्याच अंशी फायब्रिनोजेन किती आहे यावर ठरतं.

साध्या माणसाच्या रक्तद्रवात हे प्रथिन दर डेसीलिटरला, म्हणजे 100 मिलिलिटरला, 200 ते 400 मिलिग्रॅम असतं. दिवस भरताना ते 400 ते 600 वर जातं. पण नुसता हा आकडा पाहून खरी वाढ कळत नाही, कारण मधल्या काळात रक्तद्रवच वाढलेला असतो. एका बाईचा हिशोब मांडू. गरोदर राहण्याआधी तिच्या अंगात 4.2 लिटर रक्त होतं, त्यात अडीच लिटरच्या थोडा वर रक्तद्रव, आणि फायब्रिनोजेन 300. म्हणजे अंगात एकूण आठ ग्रॅम. नवव्या महिन्यात रक्त सहा लिटर, रक्तद्रव चार लिटर, फायब्रिनोजेन 500. एकूण वीस ग्रॅम. अहवालात 300 चे 500 झालेले दिसतात, पण अंगातला साठा अडीचपट झालेला असतो.

वीस ग्रॅम म्हणजे वजनानं काहीच नाही. रेणूंच्या मापात मात्र ते डोकं चक्रावून टाकतं. तिच्या एका मिलिलिटर रक्तद्रवात फायब्रिनोजेनचे सुमारे 90 लाख अब्ज रेणू असतात. एकेका रेणूची लांबी साधारण 45 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे बावीस हजारावा भाग. तिच्या अंगातले सगळे रेणू टोकाला टोक लावून मांडले तर ती रेघ 159 कोटी किलोमीटर भरेल. पृथ्वी ते सूर्य हे अंतर 15 कोटी किलोमीटर आहे आणि सूर्य ते शनी सरासरी 143 कोटी. बाळंतपणाच्या खाटेवरची बाई शनीच्या पलीकडे पोचेल एवढा धागा अंगात बाळगून असते.

बाकीचे घटकही तिच्या बाजूनं सरकलेले असतात. सातवा घटक कित्येक पटींनी वाढू शकतो, आठवा घटक आणि व्हॉन विलेब्रँड घटक दुपटीच्या पुढे जातात. गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन एस मात्र उतरतं. झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही दाबून ठेवलेली असते, कारण तिला अडवणारी प्रथिनं वाढतात आणि त्यातलं एक तर खुद्द वारेतून येतं. सगळेच घटक वाढतात असं मात्र नाही. अकरावा आणि तेरावा कमी होतात, प्लेटलेटही थोड्या उतरतात. शिवाय गर्भपिशवीच्या अस्तरात टिश्यू फॅक्टर ठासून भरलेला असतो. रक्ताचा त्याला स्पर्श झाला की गोठण्याची साखळी तिथल्या तिथे पेट घेते. वार सुटली की अंगातल्या एकूण फायब्रिनोजेनपैकी 5 ते 10 टक्के त्या एका जागेवर खर्ची पडतं असं मानतात. आपल्या बाईच्या हिशोबात एक ते दोन ग्रॅम, आणि तेही सगळं सुरळीत पार पडलं तर.

आता ज्या आकड्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते.

2007 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या एका गटानं 128 बाळंतिणींची निरीक्षणं प्रसिद्ध केली. सगळ्यांना जास्त रक्तस्राव सुरू झाला होता आणि पिशवी आकसण्यासाठी पुढचं औषध लावायची वेळ आली होती. त्या क्षणी प्रत्येकीचं रक्त तपासलं आणि नंतर कुणाचा रक्तस्राव गंभीर झाला ते पाहिलं. बऱ्याच तपासण्यांमधून एकच आकडा स्वतंत्रपणे पुढचं सांगत होता, तो फायब्रिनोजेनचा. सुरुवातीलाच 200 किंवा त्याखाली असलेल्या प्रत्येकीचा रक्तस्राव पुढे गंभीर झाला. 400 च्या वर असलेल्यांपैकी 79 टक्क्यांचा झाला नाही.

आपल्याकडच्या लॅबचा कागद आठवा. फायब्रिनोजेन 205, शेजारी छापलेली मर्यादा 200 ते 400. ना ठळक अक्षर, ना लाल खूण. मध्यरात्री लेबर रूममध्ये तो कागद हातात घेणारी व्यक्ती ‘नॉर्मल आहे’ म्हणून पुढच्या कामाला लागू शकते. ती छापील मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांसाठी आहे. तासाभरापूर्वी 500 असलेल्या बाईला 205 म्हणजे निम्म्याहून जास्त साठा गेलेला असणं. गरोदर बाईसाठीच्या कागदावर वेगळी मर्यादा छापायला खर्च शून्य आहे, आणि ती सगळीकडे छापली जावी असं मला मनापासून वाटतं.

त्याच कागदावरचे पीटी आणि आयएनआर इथे फारसे कामाचे नाहीत, उलट खोटा धीर देतात. पीटी बरीचशी सातव्या घटकावर चालते आणि तो तर गरोदरपणात भरपूर वाढलेला असतो. फायब्रिनोजेन धोक्याच्या पातळीला पोचल्यावरही पीटी बराच वेळ ठीक दिसत राहते.

हा साठा उतरतो कसा, ते दोन बायकांच्या हिशोबातून नीट कळतं. दोघी उदाहरणादाखल मांडलेल्या आहेत. दोघींच्या अंगात सहा लिटर रक्त, दोघींचं सुरुवातीचं फायब्रिनोजेन 500, आणि दोघींचंही दीड लिटर रक्त गेलेलं.

पहिलीची पिशवी सैल पडली आहे. गेलेल्या रक्ताच्या जागी तिला सलाईन आणि रक्तपेशींच्या पिशव्या मिळताहेत. रक्तपेढीतून येणाऱ्या या पेशींसोबत रक्तद्रव नावालाच असतो, म्हणजे फायब्रिनोजेनही जवळपास नसतंच. जेवढं जातं तेवढंच भरलं जातंय असं धरलं तर उरलेलं रक्त हळूहळू पातळ होत जातं. दीड लिटर गेल्यावर तिचं फायब्रिनोजेन 390 च्या आसपास येतं. दोन लिटर गेल्यावर 360. नुसत्या पातळ होण्यानं 200 वर यायला साडेपाच लिटर जावे लागतील, म्हणजे जवळजवळ तिचं सगळं रक्त. गरोदर नसताना तिच्या 4.2 लिटर रक्तातून दोन लिटर गेले असते, तर 300 वरून ती 185 वर आली असती. नऊ महिन्यांच्या तयारीनं तिला किती मोठी मोकळीक मिळवून दिली ते इथे दिसतं. पंचेचाळीस किलोच्या बाईच्या अंगात सहा लिटर नसतात, चारच्या आसपास असतात, आणि तिच्यासाठी यातला प्रत्येक आकडा आधी गाठला जातो.

दुसरीची वार बाळ जन्मायच्या आधीच सुटली होती. वारेमागे रक्त साचलं, अस्तरातला टिश्यू फॅक्टर आईच्या रक्तात शिरला आणि अंगभर बारीक बारीक गोठणं सुरू झालं. दीड लिटर गेल्यावर तिचा आकडा येतो 160. नुसतं पातळ होऊन तो 390 असायला हवा होता. दर डेसीलिटरला 230 मिलिग्रॅमची ही तूट चार लिटर रक्तद्रवात मोजली तर नऊ ग्रॅमच्या वर भरते. एवढं फायब्रिनोजेन तिच्या अंगावरून गेलेलं नाही. ते वारेमागच्या गुठळ्यांत आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत खर्ची पडलं, किंवा गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिननं त्याचे तुकडे केले. बाहेरून मोजलेलं रक्त दोघींचं सारखंच, आतली अवस्था मात्र जमीन-अस्मानाइतकी वेगळी. थोडं रक्त गेलेलं असताना आकडा खूप खाली आला असेल, तर अंगात काहीतरी फायब्रिनोजेन खातंय असंच धरून चालावं लागतं.

‘थोडं रक्त’ हेही आधी नीट मोजलेलं हवं. डोळ्यांनी केलेला अंदाज दगा देतो. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, सीमाभागातल्या कित्येक मराठी बायका जिथे बाळंत होतात त्या जिल्ह्यात, 123 बाळंतिणींवर हे तपासलं गेलं. काहींचं रक्त डॉक्टर-सिस्टरनी नजरेनं मोजलं, काहींचं कमरेखाली लावलेल्या, टोकाला मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघाला. 2006 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांपैकी निम्म्यांत अशीच मापाची पिशवी आणि रक्तस्राव दिसताच एकदम करायचे सगळे उपचार मिळून वापरले गेले. दोन लाखांहून जास्त बाळंतपणांच्या त्या अभ्यासात गंभीर परिणामांचं प्रमाण बाकीच्या रुग्णालयांत 4.3 टक्के, तर या रुग्णालयांत 1.6 टक्के निघालं.

फायब्रिनोजेनचा अहवाल साध्या प्रयोगशाळेतून यायला पाऊण तास ते तास लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी ती सोय नसतेच. तिथे काचेची नळी आहे. बाळंतिणीचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, साध्या काचेच्या छोट्या परीक्षानळीत घ्यायचं आणि नळी बंद मुठीत धरायची, म्हणजे ती अंगाइतकी उबदार राहते. चार मिनिटांनी नळी हळूच कलती करून पाहायची, मग दर मिनिटाला एकदा, रक्त गोठून नळी उलटी करता येईपर्यंत. सात मिनिटांत गुठळी झाली नाही, किंवा झालेली गुठळी मऊ आहे आणि सहज फुटते आहे, तर रक्त गोठण्यात बिघाड आहे असं समजायचं. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही रेंगाळतं आणि उगाच घबराट होते. या चाचणीची मर्यादा अशी की ती बिघाड उशिरा दाखवते. फायब्रिनोजेन 200 ला असतानाही नळीत गुठळी धरू शकते. म्हणून गुठळी झाली नाही तर लगेच हालचाल करायची, पण झाली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आता दुसऱ्या बाईला 160 वरून वर आणायचं आहे. रक्तपेढीतून सर्वांत आधी हाताशी येतो तो गोठवलेला रक्तद्रव, एफएफपी. पण ही पिशवी कुणाच्या रक्ताची? बहुधा गरोदर नसलेल्या, साध्या रक्तदात्याची. तिच्यात फायब्रिनोजेन साधारण 220 असतं. चार-पाच पिशव्या, म्हणजे एक लिटर, दिल्यावर दुसरीचा आकडा 160 वरून पोचतो जेमतेम 172 वर. आणि तेच एक लिटर पहिलीला दिलं तर? ती 390 वरून 356 वर उतरते. गोठायला मदत म्हणून दिलेलं द्रव तिच्याच रक्ताला पातळ करतं, कारण तिचं रक्त दात्यापेक्षा सरस आहे. एफएफपी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. त्यातून बाकीचे घटक मिळतात आणि प्रचंड रक्तस्रावात ते लागतात. पण फायब्रिनोजेन भरून काढायचं साधन म्हणून त्याच्याकडे पाहणं गणितात बसत नाही.

त्यासाठी क्रायो लागतं. गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळवला की तळाशी जो साका राहतो तो क्रायोप्रेसिपिटेट. एका दात्याच्या रक्तातून पंधरा-वीस मिलिलिटर मिळतं, पण त्यात 200 मिलिग्रॅमच्या आसपास फायब्रिनोजेन असतं. अशी वीस युनिटं दिली तर चार ग्रॅम, आणि आकडा 240 पर्यंत जातो, अर्थात अंगात ते खाणं तोवर थांबलेलं असेल तर. एका बाईसाठी वीस रक्तदाते. पावडरच्या रूपातलं शुद्ध फायब्रिनोजेनही मिळतं, चार ग्रॅमसाठी एक-एक ग्रॅमच्या चार कुप्या. ते पटकन विरघळवून देता येतं, पण महाग आहे.

मग रक्तस्राव दिसताच प्रत्येकीलाच ते का देऊ नये? डेन्मार्कमध्ये हे करून पाहिलं. जास्त रक्तस्राव झालेल्या बायकांना आकडा न पाहताच दोन ग्रॅम फायब्रिनोजेन दिलं. 2015 साली निकाल आले, फायदा काहीच दिसला नाही. त्या बायकांचं सुरुवातीचं सरासरी फायब्रिनोजेन 450 होतं, त्यांना ते कमी पडलेलंच नव्हतं. पहिलीसारखीला हे औषध लागत नाही, दुसरीसारखीला मिनिटांत लागतं. त्या दोघींना वेगळं ओळखणं, त्यातच सगळं कसब आहे.

ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडचं तसं नाही. ते फायब्रिनोजेन वाढवत नाही, झालेली गुठळी विरघळू देत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासाभरात गुठळी विरघळवणारी यंत्रणा एकदम जागी होते, तिला ते अडवतं. 21 देशांतल्या 20,060 बायकांवरच्या अभ्यासाचे निकाल 2017 साली आले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावानं झालेले मृत्यू 1.7 टक्क्यांवरून 1.2 वर आले. पुढच्या विश्लेषणात दिसलं की प्रत्येक पंधरा मिनिटांच्या उशिरानं फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो आणि तीन तासांनंतर उरत नाही. एक ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून, आणि रक्तस्राव चालूच राहिला तर अर्ध्या तासानं आणखी एक. यासाठी कुठल्याही अहवालाची वाट पाहायची नसते.

रक्त थांबल्यावर हिशोब उलटा फिरतो. वाढलेले घटक बाळंतपणानंतर लगेच खाली येत नाहीत, पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे जातात. ज्या रक्तानं तिला वाचवलं तेच आता पायाच्या शिरांत गोठू शकतं. एरवीही गरोदरपणात शिरेत गुठळी होण्याचा धोका चार-पाच पट असतो, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो आणखी चढतो, आणि भरपूर रक्तस्राव होऊन रक्त, क्रायो घेतलेली, खाटेवर पडून असलेली बाई त्यात सर्वांत वर. म्हणून दुसरीच्या केसपेपरवर, रक्तस्राव पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावर, रक्त पातळ ठेवणारं हेपरिनचं इंजेक्शन लिहिलं जातं आणि तिला लवकर उठवून चालवलं जातं. घरी गेल्यावर एकच पाय सुजला, दुखू लागला, तर बाळंतपणातली सूज म्हणून तेल चोळत बसू नये. तो बहुधा डावा असतो, कारण पोटात उजवीकडची धमनी डाव्या पायाच्या शिरेवर दाबून बसलेली असते. त्याच दिवशी पायाची डॉप्लर तपासणी करून घ्यावी. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.